सदाशिव पेठेतली कॉट : बोली आणि इंग्रजी मिसळून संवाद लिहिताना

आधी हा संवाद वाचा. प्रसंग साधा आहे. लातूर जिल्ह्यातून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आलेला बालाजी सदाशिव पेठेतल्या एका घरी कॉट बेसिसवर जागा आहे का, ते विचारायला गेलाय. घरमालक काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांची नात ईशा हिंजवडीला एका आयटी कंपनीत आहे आणि आज घरूनच काम करतेय. तिघंही काल्पनिक आहेत, पण पेठेत राहिलेल्या कोणालाही ओळखीचे वाटतील.

काका : काय हो, कुठून आलात? आमच्याकडे एक ते चार बेल वाजवायची नाही. पाटी वाचता येते ना?
बालाजी : आवं काका, म्या लातूरहून आलोया नव्हं! लई लांबनं आलोया. कॉट हाय का शिल्लक? म्या आभ्यास करून राहिलो.
ईशा : ओ माय गॉड आजोबा! ही इज सो क्यूट! आय मीन, लाइक, व्हॉटेव्हर!

नवीन लिहिणारे असा संवाद नेहमी लिहितात, आणि लिहिताना त्यांना तो जिवंत वाटतो, कारण तीन माणसं तीन तऱ्हांनी बोलतायत. पण ही तिघं आली कुठून? काका विनोदी पाट्यांच्या फॉरवर्डमधून आले, बालाजी सिनेमातल्या सरधोपट गावातून आला आणि ईशा जाहिरातीतून. शेजारच्या घरातून कोणीच आलेलं नाही. हा संवाद दुरुस्त करत करत पुढे जाऊ. तुम्हीही स्वतःचा एखादा प्रसंग शेजारी ठेवून हेच करत गेलात तर जास्त उपयोग होईल.

पहिली पायरी : सगळ्यांची बोली सारख्या लेखणीनं लिहा

सगळ्यात आधी सगळे वाकडेतिकडे उच्चार पुसून टाका. बालाजीचं ‘आवं’, ‘म्या’, ‘आलोया’, ‘आभ्यास’ काढा आणि त्याच्या ओळी साध्या प्रमाण मराठीत लिहा. आता त्याच्या बोलण्यात काय उरलं ते पाहा. ‘मी लातूरहून आलोय, खूप लांबून आलोय, कॉट शिल्लक आहे का, मी अभ्यास करतोय.’ म्हणजे या मुलाला लेखकानं बोलण्यासारखं काही दिलेलंच नव्हतं. सगळं काम उच्चारांवर सोपवलं होतं. ही चाचणी कडक आहे, पण ती नेमकी दुखरी जागा दाखवते. उच्चार पुसल्यावर कोण बोलतंय ते कळलं नाही, तर ते पात्र अजून घडायचं आहे.

यात एक अन्याय असतो आणि तो लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. पुण्यातला शिकलेला माणूससुद्धा छापल्यासारखं बोलत नाही. तो ‘म्हणजे’ला ‘म्हंजे’ म्हणतो, ‘काय आहे’चं ‘काये’ करतो, ‘आली आहे’चं ‘आलीये’ करतो. पेठेतल्या जुन्या बायका ‘मी येत्ये हं’ म्हणतात. पण लिहिताना आपण काकांचं ‘म्हंजे’ गुपचूप ‘म्हणजे’ करून टाकतो आणि बालाजीचं ‘पानी’ मात्र जसंच्या तसं ठेवतो. एकाची बोली आपण इस्त्री करून देतो आणि दुसऱ्याची चुरगळलेली ठेवतो. त्यातून वाचकाला न सांगता कळतं की एक जण बरोबर बोलतो आणि दुसरा चुकतो. व्यंगचित्र तयार होतं ते इथे. मग विनोदाचा हेतू असो वा नसो.

म्हणून नियम असा ठेवा की उच्चार टिपायचे तर सगळ्यांचे टिपा, नाहीतर कोणाचेच टिपू नका. मला दुसरा पर्याय बरा वाटतो, कारण उच्चारानुसार लिहिलेला मजकूर सलग पानभर वाचणं त्रासाचं होतं. ‘केलं, गेलं, सांगितलं’ हे अनुस्वाराचे बोली रूप सगळ्यांसाठी सारखं वापरा. पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा असेल तिथे असं लिहायला शासनमान्य लेखननियमांचीही मुभा आहे. त्यावर प्रत्येक पात्राला फार तर दोन खुणा द्या आणि त्या शेवटपर्यंत सांभाळा.

दुसरी पायरी : खुणा उच्चारात न शोधता क्रियापदात आणि संबोधनात शोधा

पहिल्या खर्ड्यातल्या बालाजीच्या चार वाक्यांत महाराष्ट्राचे तीन भाग कोंबलेत. ‘नव्हं’ हे सातारा-कोल्हापूर भागातलं, ‘करून राहिलो’ विदर्भातलं, आणि ‘म्या आलोया’ हे सिनेमानं सगळीकडे पसरवलेलं. लातूरचा वाचक पहिल्याच ओळीला पुस्तक मिटेल. ‘गावरान’ नावाची एक बोली नसते. लातूर पूर्वी निजामाच्या राज्यात होतं, त्याची हद्द बिदरला लागते. तिथली मराठी साताऱ्याच्या मराठीपेक्षा वेगळी घडली, यात नवल नाही.

प्रदेश दाखवायची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे चालू काळ. पुण्याचा माणूस ‘काय करतोयस?’ विचारतो. मराठवाड्यात ‘काय करायलास?’ ऐकू येतं आणि उत्तर येतं, ‘बसायलो, जेवायलो’. नागपूरकडे ‘काय करून राहिला?’ म्हणतात. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली सहज ‘मी आलो’, ‘मी गेलतो’ म्हणतात. यातल्या एकाही रूपासाठी तुम्हाला शब्दाचं स्पेलिंग मोडावं लागत नाही. हे त्या त्या भागाचं व्याकरण आहे आणि बोलणारा ते बरोबरच वापरतोय. वाचणाऱ्यालाही तसंच जाणवतं. बालाजीसाठी मी दोनच खुणा घेतो. एक, ‘करायलो’चं रूप, आणि दुसरी, ‘आहे’च्या जागी ‘हाय, हैत’. त्या दोन्हीसुद्धा तो घरच्यांशी बोलेल तेव्हाच. का, ते पुढे येईल.

संबोधनात तर वर्गाची सगळी हकीकत भरलेली असते. बालाजी काकांना ‘काका’ म्हणेल का? बहुधा पहिल्या भेटीत नाही. त्याच्या जगात ज्यांच्याकडे काही काम असतं ते सगळे ‘सर’ असतात. शिकवणारे सर, अभ्यासिकेचे मालक सर, कार्यालयातले क्लार्कही सर. पुण्यात रुळल्यावर तो ‘काका’वर येईल, आणि तो बदल तुम्हाला पुढच्या प्रकरणात वापरता येईल. काका त्याला पैशांची बोलणी होईपर्यंत ‘तुम्ही’ म्हणतील. एकदा हो म्हटलं की ‘तू’वर येतील, आणि त्या ‘तू’मध्ये थोडा मालकीहक्क आणि थोडी माया असं दोन्ही असेल. ईशा बालाजीच्याच वयाची. तिच्या ऑफिसात टीम लीडलाही नावानं हाक मारतात, म्हणून ती त्याला पहिल्या वाक्यापासून ‘तू’ म्हणेल. तो तिला ‘मॅडम’ म्हणेल. दोघं पंचविशीतले, एकाच जिन्यावर उभे, एकाच्या तोंडी ‘तू’ आणि दुसऱ्याच्या तोंडी ‘मॅडम’. या एका गोष्टीनं जे दिसतं ते पानभर ‘पानी’ आणि ‘कोन’ लिहून दिसणार नाही.

घरातलं संबोधनही तपासा. वडिलांना ‘ए बाबा’ म्हणणारं घर, ‘अहो बाबा’ म्हणणारं घर आणि वडिलांना ‘दादा’, ‘अण्णा’ किंवा ‘तात्या’ म्हणणारं घर, ही तीन वेगळी घरं आहेत. आडनाव देण्याची घाई मात्र करू नका. आडनाव दिलं की वाचक उरलेलं पात्र परस्पर आपल्या मनानं भरतो. म्हणूनच वरच्या काकांना मी आडनाव दिलेलं नाही.

तिसरी पायरी : इंग्रजी कुठे बसतं ते बघा

इथे जरा थांबून काम करायला हवं. नवीन लेखकाचा हिशेब असा असतो की श्रीमंत आणि शिकलेला म्हणजे जास्त इंग्रजी, गावाकडचा म्हणजे कमी इंग्रजी. पुण्यात कुठेही दहा मिनिटं कान देऊन उभं राहिलात तर हा हिशेब टिकत नाही. शास्त्री रोडच्या चहाच्या टपरीवर परीक्षेची मुलं बोलतात ते ऐका. ‘प्री निघाली’, ‘मेन्सला गेलं’, ‘कट ऑफ वर लागला’, ‘अ‍ॅड कधी येणार’, ‘पॉलिटी झालं, करंट राहिलंय’, ‘टेस्ट सिरीज लावली’, ‘पोस्ट निघाली त्याची’. चाकणच्या कंपनीतला कामगार ‘सेकंड शिफ्ट’, ‘ओटी’, ‘ब्रेकडाऊन’, ‘लाईन बंद’ म्हणतो. बालाजीचे शेतकरी वडीलसुद्धा दिवसभर इंग्रजी शब्दच वापरतात : ‘डीपी जळाली’, ‘एक फेज गेला’, ‘ड्रिप टाकलं’, ‘रोटर मारला’. यातल्या कोणालाही हे इंग्रजी वाटत नाही. ते त्यांच्या कामाचे शब्द आहेत. बालाजीच्या तोंडून हे सगळे शब्द काढून टाकणं म्हणजे त्याची वर्षानुवर्षांची मेहनत खोडून टाकणं.

तेव्हा इंग्रजी किती, हे मोजत बसू नका. ते वाक्याच्या कुठल्या थरात बसलंय ते पाहा.

सगळ्यात वरचा थर वस्तूंच्या आणि कामाच्या नावांचा. तो सगळ्यांकडे असतो, फक्त नावं बदलतात. पात्र काय काम करतं ते ठरवा, त्या कामाचे पंधरा-वीस शब्द गोळा करा आणि तेवढेच वापरा. एकाच वस्तूचं नाव पिढीनुसारही बदलतं. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून २००७ साली पीएमपीएमएल झाली, तरी काका अजून ‘पीएमटीनं जा’ म्हणतील. कॅम्पला ते अधूनमधून ‘लष्कर’ म्हणतील. ईशा नुसतं ‘बस’ म्हणेल, आणि बहुधा ती बसनं जातही नसेल.

दुसरा थर जोडणीचा. इंग्रजी शब्दाला मराठी प्रत्यय, अनेकवचन आणि क्रियापद कसं लागतं ते पाहा. शब्द तोंडात जितका जुना, तितका तो मराठी नियमानं वळतो. जुन्या पिढीचा माणूस ‘ऑफिसात’, ‘टेबलावर’, ‘फायली’, ‘बॅगा’ म्हणतो. तरुण माणूस ‘ऑफिसमध्ये’ किंवा ‘ऑफिसला’, ‘टेबलवर’, ‘फाईल्स’, ‘बॅग्ज’ म्हणतो. इंग्रजी माध्यमात वाढलेली ईशा ‘लेक्चर्स’ म्हणेल, बालाजी ‘लेक्चर बघायचेत’ म्हणेल. एका प्रत्ययात पिढी आणि शाळा दोन्ही दिसतात आणि वाचकाला कुणी काही दाखवतंय असं वाटतही नाही. क्रियापदाचंही तसंच. ‘फोन लाव’, ‘फोन कर’, ‘कॉल कर’, ‘कॉल मार’ यांचा अर्थ एकच, पण चारही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी सहसा येत नाहीत. बालाजीच्या आईच्या तोंडी ‘पैसे टाकले’ येईल, काकांच्या ‘ट्रान्सफर केले’ आणि ईशाच्या ‘जीपे केले’.

तिसरा थर सांध्यांचा, आणि वर्गाचं चित्र इथे सगळ्यात स्पष्ट असतं. ‘बट’, ‘सो’, ‘बिकॉज’, ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘इट डिपेंड्स’, ‘दॅट्स नॉट द पॉइंट’ अशी वाक्यं जोडणारी किंवा अख्खी वाक्यं इंग्रजीत येणं म्हणजे तो माणूस इंग्रजीत राहिलेला आहे. वस्तूंची नावं कामाच्या ठिकाणी आपोआप मिळतात. वाक्यं वळवायला मात्र शाळा, घर आणि मित्र लागतात. यातही एक गंमत आहे. ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि ‘सो’ हे सुटे शब्द लवकर उचलले जातात. पुण्यात वर्ष काढलेला बालाजी ‘अ‍ॅक्च्युअली सर’ म्हणायला लागेल, पण ‘दॅट्स नॉट द पॉइंट’ म्हणणार नाही. तुमची गोष्ट वर्षभर चालणार असेल तर हा एवढा बदल ठेवा. मुलगा शहरात कसा मुरतोय ते त्यात दिसेल आणि तुम्हाला निवेदनात काही सांगावं लागणार नाही.

ईशाच्या बाबतीत दुसरं टोक टाळायचं आहे. ती आजोबांशी ‘ओ माय गॉड’ करत बोलणार नाही. आजोबांनी तिला लहानपणापासून मराठीत वाढवलंय. ती त्यांच्याशी जवळपास पूर्ण मराठीत बोलेल, फक्त कामाचा विषय निघाला की ‘कॉल’, ‘रिलीज’, ‘ईओडी’ येतील. तिचं इंग्रजी वाढेल ते मैत्रिणीशी फोनवर, आणि एखादी गोष्ट तिला अवघड वाटत असेल तेव्हा.

हे शेवटचं लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे अवघड विषय आला की माणसं इंग्रजीचा आडोसा घेतात, आणि हे सगळ्या थरांत होतं. ‘थोडा फायनान्शियल प्रॉब्लेम आहे’, ‘त्यांचा डिव्होर्स झालाय’, ‘तिला पिरियड्स आलेत’. मराठीत तेच म्हणताना तोंड अडखळतं. नवऱ्याला काय म्हणतात ते बघा. ‘आमचे हे’, ‘माझे मिस्टर’, ‘माझा हजबंड’, ‘माझा नवरा’. यातलं ‘मिस्टर’ हे अस्सल इंग्रजी, पण घरात इंग्रजी बोलणारी बाई तो शब्द वापरत नाही. ती बिनधास्त ‘माझा नवरा’ म्हणते. ‘मिस्टर’ म्हणते ती बहुतेक वेळा मराठी माध्यमात शिकलेली, नवऱ्याचं नाव घेणं संकोचाचं वाटणारी बाई. म्हणजे इंग्रजी शब्द आला म्हणून वर्ग वरचा, असं समीकरण कधीच मांडू नका. कुठला शब्द आणि कशासाठी, हे विचारा.

मोडक्या इंग्रजीबद्दलही थोडं सांगायला हवं. ‘डाक्टर’, ‘मास्तर’, ‘ठेसन’ हे शब्द पिढ्यानपिढ्या असेच रुळलेत, ते वापरायला हरकत नाही. पण ‘इस्क्रीनसाट’, ‘व्हाटसप’ असं लिहून कोणाला अशिक्षित दाखवायचं असेल तर थांबा. तो उच्चार एका पूर्ण समाजात रुळलेला आहे की तुम्ही हसण्यासाठी बनवलाय, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तराची खात्री नसेल तर नीट लिहा.

चौथी पायरी : बोलणारा कोणाशी बोलतोय ते ठरवा

बालाजी दिवसभर एकाच मराठीत बोलत नाही. आपणही बोलत नाही. घर मिळवायला गेलेला मुलगा जपून बोलतो. तो ‘ण’ आणि ‘ळ’ मुद्दाम नीट उच्चारेल, वाक्यं थोडी पुस्तकी होतील, कधी ‘करत आहे’ असं पूर्ण रूप येईल. त्यानं मराठीचा पेपर दिलेला आहे, व्याकरण तो काकांपेक्षा जास्त जाणतो. त्याच्या बोलण्यातला ताण या जपण्यात आहे. मग तो जिना उतरून आईला फोन लावेल आणि बोलणं सैल होईल. एकाच मुलाच्या या दोन मराठी शेजारी ठेवल्या की वाचकाला कळतं की त्याच्यावर काय ओझं आहे. म्हणून लातूरच्या खुणा मी काकांसमोर वापरत नाही.

आता प्रसंग पुन्हा लिहितो.

बालाजी : सर, आत येऊ का? कॉटचं विचारायचं होतं.
काका : या. चपला तिथेच असू द्यात. कोणी पाठवलं?
बालाजी : अभ्यासिकेत बोर्डावर नंबर होता सर. सकाळी फोन लावला होता मी.
काका : हां, ते लातूरचे तुम्ही. एमपीएससी?
बालाजी : होय सर. कम्बाइनची तयारी करत आहे. मागच्या वेळेस प्री निघाली, मेन्सला दोन मार्कांनी गेलं.
काका : दोन मार्कांनी. अरेरे. (थांबून) हे बघा, तीन हजार महिना आणि एक महिन्याचं डिपॉझिट. आधीचे दोघं आहेत खोलीत, दोघंही शांत आहेत. लाईटबिल तिघांत.
बालाजी : डिपॉझिट एक तारखेला दिलं तर चालेल का सर?
ईशा : (आतून) आजोबा, वायफायचा पासवर्ड बदललात का? माझा कॉल मधेच ड्रॉप झाला. (बाहेर येत) ओह, सॉरी. हाय. तू बघायला आलायस का रूम?
बालाजी : हो मॅडम. म्हणजे अजून ठरायचंय.
ईशा : मॅडम काय, ईशा. वरच्या खोलीत रेंज येत नाही हं. लेक्चर्स बघायची असतील तर खिडकीपाशीच बसावं लागेल.
काका : तू त्याला पळवून लावू नकोस. (बालाजीला) एक तारखेला दे. सामान कधी आणतोस?

आणि खाली, वाड्याच्या दारात :

बालाजी : हां माय, मिळाली. तीन म्हणालेत. … नाही गं, चांगले हैत लोक. … जेवलो की. आता अभ्यासिकेतच चाललो, तिकडंच बघायलो मेसचं. पप्पाला सांग, आज टाकू नका म्हणावं पैसे. एक तारखेला टाका. … हां, सोयाबीनचे आल्यावरच टाका.

यात कोणाचाही उच्चार मोडलेला नाही. काकांची पेठ ‘असू द्यात’मध्ये आहे आणि डिपॉझिट, लाईटबिल अशा व्यवहाराच्या शब्दांत. त्यांचं ‘तुम्ही’ ते ‘तू’ शेवटच्या ओळीत सरकतं, आणि डिपॉझिटच्या प्रश्नाला वेगळं उत्तर द्यावं लागत नाही. ईशाचं इंग्रजी कॉल आणि अनोळखी माणसाशी बोलताना आलेल्या ‘ओह, सॉरी, हाय’पुरतं आहे. आजोबांना ती ‘बदललात का’ म्हणते, कारण या घरात आजोबांना अहो-जाहो करतात. बालाजीनं आईला तिन्ही-चारी गोष्टी सांगितल्या, पण रेंजबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याची परिस्थिती ‘सोयाबीनचे आल्यावर’ या दोन शब्दांत आली. काकांसमोर ती त्यानं काढली नव्हती.

एक गोष्ट मी मुद्दाम काढून टाकली. पहिल्या खर्ड्यात काकांचं एक ते चारचं वाक्य होतं. पुण्यातल्या दुपारच्या झोपेवर महाराष्ट्र पुरेसा हसलाय. ते वाक्य ठेवलं असतं तर वाचक हसला असता आणि मग काकांनी ‘दोन मार्कांनी. अरेरे’ म्हटलेलं त्याला ऐकू आलं नसतं. गावाकडच्या माणसाचं व्यंगचित्र होतं तसंच पेठेतल्या माणसाचंही होतं.

पाचवी पायरी : साहित्य गोळा करणं आणि तपासून घेणं

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर, मार्केट यार्डात, शिवाजीनगर कोर्टाबाहेर, हिंजवडीच्या वडापावच्या गाड्यापाशी ऐका, पण चोरून रेकॉर्ड करू नका. घरी जाण्याआधी वहीत वाक्य पूर्ण लिहा. सुटा शब्द लिहून उपयोग नाही, कारण तुम्हाला शब्दाची जागा हवी आहे. वाक्यासमोर तीन गोष्टी टिपा. बोलणारा काय काम करत होता, कोणाशी बोलत होता आणि त्याला समोरच्याकडून काय हवं होतं. तिसरी नोंद बहुतेक जण करत नाहीत, आणि गोष्टीत तीच सगळ्यात जास्त कामाला येते. नावं-गावं लिहू नका, ती तुम्हाला लागणारही नाहीत.

खर्डा झाला की पात्रांची नावं झाकून मोठ्यानं वाचा, आणि वाचताना स्वतःचा आवाज ऐका. एखाद्या पात्राच्या ओळी आल्या की तुम्ही आपोआप हेल काढून, नाटकी आवाजात वाचायला लागलात तर त्या ओळीत व्यंगचित्र शिल्लक आहे. काकांच्या ओळी वाचताना नाक वर जात असेल तर त्याही पुन्हा लिहा.

मग त्या भागातल्या माणसाला वाचायला द्या. लातूरच्या पात्रासाठी लातूरचा वाचक लागतो, ‘मराठवाड्यातला कोणीतरी’ पुरत नाही. नांदेडचा आणि बीडचा माणूस त्याच वाक्यावर वेगवेगळं सांगेल. आणि तो वाचक पात्राच्या वयाचा असेल तर आणखी चांगलं, कारण पन्नाशीतल्या माणसाला पंचविशीतल्या मुलाचं बोलणं ‘आमच्याकडे असं नाही बोलत’ असं वाटू शकतं. त्याला ‘बोली बरोबर आहे का’ असं विचारू नका. असं विचारलं की माणूस सौजन्यानं ‘छान आहे’ म्हणतो, किंवा शाळेतल्या मास्तरासारखा ऱ्हस्व-दीर्घ तपासायला बसतो. ‘वाचताना कुठल्या ओळीला अडखळलात?’ आणि ‘हे वाक्य तुमच्या घरात कोण म्हणेल?’ हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याचं उत्तर ‘कोणीच नाही’ असं आलं तर ती ओळ काढा, कितीही आवडती असली तरी. ‘माझी मावशी म्हणेल, पण हा मुलगा नाही’ असं आलं तर ती ओळ वहीत ठेवा. मावशीचं पात्र लिहाल तेव्हा लागेल.